सर्व्हे नंबरमागचा ‘पैकी’: बडोद्यात प्लॉट घेताना बिनखेतीचा हुकूम कसा वाचावा

बडोद्याच्या पश्चिमेला भायली, सेवासी, बील या गावांच्या बाजूने किंवा पूर्वेला वाघोडिया रस्त्याने गेले की दोन्ही हातांना प्लॉटिंगच्या पाट्या दिसू लागतात. यातली बहुतेक जमीन एका पिढीपूर्वी शेतजमीन होती. अशा जमिनीवरचा प्लॉट घ्यायला निघालेला माणूस विकणाऱ्याला एक प्रश्न आवर्जून विचारतो, तो म्हणजे “एन.ए. आहे का?” उत्तर बहुधा “आहे” असेच येते आणि एखादी झेरॉक्सही हातात पडते. मी अनेक वर्षे बडोद्यात जमिनींचे टायटल तपासण्याचे काम करतो. माझा अनुभव असा आहे की फसवणूक किंवा घोटाळा ‘हुकूम नाही’ या ठिकाणी क्वचितच होतो. तो ‘हुकूम आहे, पण तुमच्या प्लॉटचा नाही’ या ठिकाणी होतो. म्हणून या लेखात हुकूम का लागतो हे सांगून मी मुख्यतः तो कसा वाचायचा याकडे वळणार आहे.

आधी शब्दांचा एक गुंता सोडवतो, कारण बडोद्यातल्या मराठी घरांत तो नेहमी होतो. एन.ए., म्हणजे महाराष्ट्रात ज्याला बिगरशेती किंवा अकृषिक म्हणतात, त्याला गुजरातच्या दफ्तरात ‘बिनखेती’ म्हणतात. गुजरातीतला ‘खेडूत’ म्हणजे खेड्यातला माणूस नव्हे, तर शेतकरी. त्यामुळे कागदावर ‘बिनखेडूत’ असे दिसले तर त्याचा अर्थ ‘जो शेतकरी नाही तो’ असा घ्यायचा. हा दुसरा शब्द आपल्या विषयाचा गाभा आहे.

गुजरातेत शेतजमिनीच्या बाबतीत दोन वेगवेगळे कायदे एकाच वेळी लागू असतात. पहिला १८७९ सालचा जमीन महसूल कायदा. त्याच्या कलम ६५ प्रमाणे शेतीसाठी धारण केलेली जमीन घर, दुकान किंवा कारखाना अशा दुसऱ्या उपयोगासाठी वापरायची असेल तर कलेक्टरची परवानगी घ्यावी लागते, आणि न घेतल्यास कलम ६६ खाली दंड होतो व ताबाही काढून घेतला जाऊ शकतो. लोकांच्या डोक्यात एन.ए. म्हणजे एवढेच असते, आणि म्हणून ‘दंड भरून पुढे नियमित करून घेऊ’ असा विचार सहज येतो.

दुसरा कायदा १९४८ सालचा कूळ कायदा, ज्याला इकडे गणोतधारा म्हणतात. बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाल्यानंतर तो इथेही लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकताच येत नाही. अपवादांसाठी कलेक्टरची परवानगी किंवा औद्योगिक कामासाठीच्या वेगळ्या तरतुदी आहेत, पण आपल्यासारख्या घरासाठी प्लॉट घेणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो. हे कलम मोडून झालेल्या खरेदीची कलम ८४-क खाली मामलतदार स्वतःहून चौकशी करू शकतो. खरेदी अमान्य ठरली तर दोन्ही पक्षांना जमीन तीन महिन्यांत पूर्वीच्या स्थितीत आणण्याची संधी मिळते, आणि तसे केले नाही तर जमीन सरकारजमा होते. अशी कारवाई वाजवी मुदतीत व्हायला हवी असे न्यायालयांनी म्हटले आहे खरे, पण तो खटल्यातला बचाव आहे आणि त्याच्या भरवशावर घर बांधता येत नाही.

या दोन कायद्यांमुळे बिनखेतीच्या हुकमाचे वजन नोकरदार खरेदीदारासाठी दुप्पट होते. हुकूम झाला की ती जमीन शेतजमीन राहत नाही, म्हणून कलम ६३ ची अडचण दूर होते आणि शेतकरी नसलेला माणूस ती घेऊ शकतो. म्हणजे घर बांधायची परवानगी मिळवण्याच्या आधी, ती जमीन आपल्या नावावर होण्यासाठीच हा हुकूम लागतो.

याच ठिकाणी परगावच्या नातेवाइकांचा सल्ला वाट चुकवतो. इंदूर किंवा ग्वाल्हेरचे पाहुणे ‘आमच्याकडे डायव्हर्शन नंतर करून घेतात’ असे सांगतात, आणि त्यांच्या राज्यापुरते ते बरोबर असते. मध्य प्रदेशात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर जमीनमालक स्वतः आकारणी काढून, रक्कम भरून उपविभागीय अधिकाऱ्याला कळवतो. पुण्याचे भाऊबंद ‘विकास आराखड्यातल्या जमिनीला आता वेगळी एन.ए. परवानगी लागत नाही’ असे सांगतात, आणि त्यांच्या महसूल संहितेत कलम ४२-ब आल्यापासून तेही त्यांच्यापुरते खरे आहे. यातले काहीही गुजरातच्या जमिनीला लागू होत नाही. इथे आराखड्यात जमीन रहिवासी झोनमध्ये असली, तरी हुकूम होईपर्यंत महसूल दफ्तरात ती शेतजमीनच असते. झोनचा दाखला एवढेच सांगतो की उद्या परवानगी मागितली तर रहिवासासाठी ती मिळू शकेल.

आता एक प्रकरण तपशिलाने सांगतो. त्यातले नंबर मी बदलले आहेत, पण हिशेब जसाच्या तसा आहे.

बाबाजीपुऱ्यात आयुष्य काढलेले एक निवृत्त जोडपे शहराबाहेरच्या एका योजनेत १०० चौरस मीटरचा प्लॉट घेण्याच्या बेतात होते. टोकन देऊन झाले होते, बानाखताचा, म्हणजे विक्रीच्या कराराचा, मसुदा तयार होता आणि प्लॉटचा नंबर होता ६१. माहितीपत्रकावर ‘सर्व्हे नंबर २१४, एन.ए., टायटल क्लिअर’ असे छापलेले होते आणि त्यात ८० प्लॉटांचा नकाशा होता. सोबत बिनखेतीच्या हुकमाची झेरॉक्स होती. काकांनी स्वतः बसून हिशेब केला होता. हुकमात क्षेत्र ८,०९४ चौरस मीटर लिहिलेले होते आणि ८० प्लॉट गुणिले १०० म्हणजे ८,००० चौरस मीटर. “बरोबर बसते आहे की,” असे ते समाधानाने म्हणाले.

तो हिशेब बरोबर बसत होता हीच अडचण होती. ८,०९४ मधून ८,००० वजा केले तर ९४ चौरस मीटर उरतात. तेवढ्या जागेत ८० घरांचे रस्ते आणि कॉमन प्लॉट कुठे जाणार? अशा आखणीत रस्ते, कॉमन प्लॉट आणि सोडावी लागणारी इतर जागा मिळून साधारण तिसरा हिस्सा जमीन जाते. म्हणजे शंभर-शंभर मीटरचे ८० प्लॉट पाडायला बारा हजार चौरस मीटरच्या आसपास जमीन हवी. मी गावाचा सात-बारा काढला तेव्हा २१४ नंबरचे एकूण क्षेत्र तीन एकर, म्हणजे १ हेक्टर २१ आर ४१ चौरस मीटर निघाले. मीटरात सांगायचे तर १२,१४१. हुकमातले ८,०९४ म्हणजे त्यातले बरोबर दोन एकर होते.

मग हुकूम पुन्हा वाचला. त्यात ‘सर्व्हे नंबर २१४ पैकी १’ असे लिहिलेले होते. माहितीपत्रकात हा ‘पैकी १’ गाळलेला होता. दफ्तरात २१४ चे दोन तुकडे होते, पैकी १ दोन एकरांचा आणि पैकी २ एक एकराचा, म्हणजे ४,०४७ चौरस मीटरचा. हुकूम फक्त पहिल्या तुकड्याचा होता. हुकमासोबत मंजूर झालेल्या नकाशाची प्रत त्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात नव्हती. ती आम्ही मागवली, तेव्हा त्यात १ ते ५२ एवढेच प्लॉट होते. ६१ नंबरचा प्लॉट त्या नकाशात कुठेच नव्हता.

तिसऱ्या एकराचा हुकूम का झाला नाही, हे पैकी २ च्या सात-बाऱ्यावरच दिसत होते. सत्ताप्रकाराच्या जागी ‘नवी शरत’ असे लिहिलेले होते. नवी शरत म्हणजे मर्यादित हक्काने मिळालेली जमीन. ती सरकारने दिलेली असू शकते, किंवा कूळ कायद्याने कुळाच्या मालकीची झालेली असू शकते. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कलम ३२ प्रमाणे असंख्य कुळे जमिनीची मालक झाली, पण त्या जमिनीवर कलम ४३ चे बंधन राहिले: कलेक्टरच्या मंजुरीशिवाय आणि सरकारला ठरलेले प्रीमियम भरल्याशिवाय ती विकता येत नाही. हे प्रीमियम जंत्रीच्या, म्हणजे सरकारी बाजारभावाच्या, टक्क्यांत असते आणि शहराजवळ ती रक्कम मोठी होते. विकणाऱ्याने जुन्या शरतीच्या, म्हणजे असे बंधन नसलेल्या, दोन एकरांचा हुकूम करून घेतला होता, नव्या शरतीच्या एकराचे प्रीमियम भरले नव्हते, आणि प्लॉट मात्र तिन्ही एकरांवर पाडून विकायला काढले होते. त्याचा इरादा फसवण्याचा होता की पुढे प्रीमियम भरण्याचा, हे मी सांगू शकत नाही. ६१ नंबर घेणाऱ्याला त्याने फरकही पडत नाही.

त्या जोडप्याने तसाच दस्तऐवज केला असता तर काय झाले असते, ते क्रमाने पाहू. दस्तऐवजाची नोंदणी कदाचित झालीही असती, आणि याच गोष्टीने लोक निर्धास्त होतात. नोंदणी म्हणजे अमुक व्यक्तींनी अमुक कागदावर सही केल्याची सरकारी नोंद. विकणाऱ्याला ती जमीन विकण्याचा हक्क होता, याचा तो दाखला नसतो. त्यानंतर हक्कपत्रकात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, फेरफाराची नोंध पडते, कलम १३५-ड ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी ३० दिवस दिले जातात. खरी छाननी या टप्प्यावर होते. जमीन शेतीची, शरत नवी, घेणारा बिनखेडूत आणि कलेक्टरची मंजुरी नाही, अशी नोंध नामंजूर होते. पैसे गेलेले असतात, स्टॅम्प ड्युटी भरलेली असते, दस्तऐवज कपाटात असतो, पण सात-बाऱ्यावर नाव जुन्याच मालकाचे राहते. बँक त्यावर कर्ज देत नाही आणि बांधकामाची रजाचिठ्ठी मिळत नाही. पुढे कधी मामलतदाराची नोटीस आली तर ती याच नोंधीच्या धाग्याने येते.

म्हणून हुकूम हातात आला की त्यावरच्या सहीशिक्क्याआधी चार गोष्टी पाहाव्यात: सर्व्हे किंवा ब्लॉक नंबर त्याच्या ‘पैकी’सकट, क्षेत्र, कोणत्या उपयोगासाठी परवानगी दिली तो हेतू, आणि सोबतचा मंजूर नकाशा. नकाशात आपल्या प्लॉटचा नंबर आणि माप स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजे. हेतूबद्दल एवढेच सांगतो की रहिवासासाठीच्या हुकमावर दुकाने काढली तर तो शर्तभंग होतो, त्यासाठी सुधारित परवानगी घ्यावी लागते. शिवाय जुन्या हुकमांत ठरावीक मुदतीत बांधकाम करण्याची अट असे. हुकूम वीस वर्षांचा असेल आणि जमीन अजून मोकळी असेल, तर ती अट वाचून तिचे पुढे काय झाले ते विचारायला हवे. जुन्या हुकमाच्या माथ्यावर कलेक्टरऐवजी तालुका किंवा जिल्हा पंचायतीचे नाव असले म्हणून दचकू नये, कारण पूर्वी ग्रामीण भागात हे अधिकार पंचायतींकडे होते.

झेरॉक्स खरी आहे का, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर झेरॉक्सकडे बघून मिळत नाही, दफ्तरात मिळते. खरा हुकूम आपल्या मागे खुणा सोडतो. त्याची हक्कपत्रकात नोंध पडते, नोंधीचा नंबर सात-बाऱ्यावर चढतो, जमिनीच्या प्रकारात ‘बिनखेती’ येते, गाव नमुना २ या बिनखेती जमिनींच्या नोंदवहीत ती जमीन दाखल होते आणि कलम ६७-अ खालच्या रूपांतर कराची पावती निघते. गावचा सात-बारा आणि नोंधींचा तपशील anyror.gujarat.gov.in वर घरबसल्या पाहता येतो. तिथे नमुना ७ उघडून नोंधींचे नंबर लिहून घ्यावेत आणि मग नमुना ६ मध्ये एकेक नोंध वाचावी. बिनखेतीच्या नोंधीत हुकमाचा क्रमांक, तारीख आणि क्षेत्र असते, ते झेरॉक्सशी ताडून पाहावे. नोंध ‘प्रमाणित’ आहे की ‘नामंजूर’, हेही तिथेच कळते. अलीकडे अर्ज आणि हुकूम iORA या सरकारी व्यवस्थेतून ऑनलाइन होतात, त्यामुळे नव्या हुकमाचा माग काढणे सोपे झाले आहे. जुन्या हुकमासाठी मात्र हुकूम देणाऱ्या कचेरीतून प्रमाणित नक्कल मागवण्याला पर्याय नाही. त्यात काही आठवडे जातात आणि विकणारा घाई करत असतो. माझ्या मते नक्कल येईपर्यंत थांबायला नकार देणारा विकणाराच आपल्याला सर्वांत महत्त्वाची माहिती देत असतो.

नोंधी गुजरातीत असतात आणि जुन्या हस्तलिखित असतात. मराठी शाळेत शिकलेल्या ज्येष्ठांना त्या वाचताना त्रास होतो, म्हणून ते ‘पान पाहिले, शिक्का होता’ एवढ्यावर थांबतात. कृपया असे करू नये. घरातल्या गुजराती शाळेत शिकलेल्या मुलाला किंवा सुनेला शेजारी बसवून प्रत्येक नोंध मोठ्याने वाचून घ्यावी.

दोन गोष्टी याच धाग्यातल्या आहेत. पहिली टीपी स्कीमची. १९७६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे एखाद्या भागात स्कीम लागू झाली की मूळ जमिनीतला काही भाग रस्ते, बागा वगैरेंसाठी कापला जातो आणि मालकाला उरलेल्या क्षेत्राचा ‘फायनल प्लॉट’ मिळतो, जो कधी कधी थोडा सरकलेलाही असतो. हुकूम मूळ सर्व्हे नंबरावर झाला असेल आणि स्कीम नंतर आली असेल, तर हुकमातले क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र जुळत नाही. अशा वेळी मूळ आणि फायनल प्लॉटचा मेळ दाखवणारा एफ फॉर्म मागावा. दुसरी गोष्ट रेराची. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर आठाहून जास्त प्लॉट पाडून विकायचे असतील, तर रेरा नोंदणी लागते आणि त्या नोंदणीत सर्व्हे नंबर व क्षेत्र लिहिलेले असते. gujrera.gujarat.gov.in वर ते पाहून हुकमाशी ताडले की ‘पैकी’ गाळल्याचा प्रकार पाच मिनिटांत उघडा पडतो.

‘फाइल टाकली आहे, दोन महिन्यांत एन.ए. होईल’ असे सांगून पैसे मागितले जातात, त्याबद्दलही लिहायला हवे, कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांचे सर्वाधिक नुकसान झाले ते या वाटेने गेलेले होते. अशा योजनेत दस्तऐवज करता येत नसल्यामुळे हातात नोटरीचे लिखाण, ‘सूचित’ म्हणजे नियोजित सोसायटीचे सभासदपत्र किंवा अलॉटमेंट लेटर दिले जाते. पुष्कळदा ताबाही दिला जातो, तारेचे कुंपण घालता येते, आंब्याची दोन झाडे लावता येतात. पण जमीन दफ्तरात शेतीची आणि शेतकऱ्याच्या नावावर असते. तो शेतकरी वारला तर त्याच्या वारसांची नावे चढतात, त्याने कर्ज घेतले असेल तर बोजा त्याच जमिनीवर येतो, आणि सभासदपत्र घेतलेला माणूस त्या सात-बाऱ्यावर कुठेही नसतो. हुकूम व्हायचा असेल तर तो होऊ द्यावा, मोठी रक्कम त्यानंतर द्यावी. टोकन द्यायचेच असेल तर ते लहान असावे, आणि अमुक तारखेपर्यंत हुकूम झाला नाही तर ते परत करायचे, हे बँकेतून दिलेल्या रकमेसह लेखी असावे.

त्या जोडप्याचे पुढे असे झाले. टोकन परत मिळाले, त्याला चार महिने लागले. मधल्या काळात विकणाऱ्याने ६१ ऐवजी १८ नंबरचा प्लॉट देऊ केला. तो मंजूर नकाशातल्या बावन्नांपैकी होता, म्हणून आम्ही तो नकाशा घेऊन जागेवर गेलो. माहितीपत्रकातली मोठी कमान आणि रुंद रस्ता पैकी २ च्या जमिनीवरून आत येत होता. मंजूर नकाशात योजनेचा रस्ता उत्तरेकडून, गावच्या गाडीवाटेवरून दाखवलेला होता, आणि तिथे त्या दिवशी बाभळी आणि गुडघाभर गवत होते. काकूंनी त्या बाजूने चालत जाऊन १८ नंबरपर्यंतचे अंतर पावलांनी मोजले. कमानीकडचा रस्ता उद्या बंद झाला तरी इथून येता येईल याची खात्री झाल्यावरच त्यांनी होकार दिला. उत्तरेचा रस्ता साफ करून खडी टाकल्यावर दस्तऐवज झाला. त्यात ‘सर्व्हे नंबर २१४ पैकी १’, हुकमाचा क्रमांक व तारीख, मंजूर नकाशातला प्लॉट नंबर १८, त्याचे माप, चारही बाजूंच्या चतुःसीमा आणि उत्तरेच्या रस्त्याचा वहिवाटीचा हक्क हे सारे शब्दांत लिहून घेतले. नोटिशीचे ३० दिवस हरकतीविना गेले आणि नोंध प्रमाणित झाली. त्या दिवशी काकांनी नव्या सात-बाऱ्याची प्रत माझ्या टेबलावर ठेवली, आणि नाव दाखवण्याआधी बोट ‘पैकी १’ वर ठेवले.